तेरा, चौदा, सोळा, एकोणीस: बेरजेच्या वाटेवरचं कर्मऋण

अंकशास्त्राचा थोडाफार नाद असलेल्या माणसाला आपले दोन अंक तोंडपाठ असतात. जन्मतारखेवरून येणारा मूलांक आणि पूर्ण जन्मतारखेवरून येणारा भाग्यांक. त्याच्या पलीकडे कुणी खोलात गेलं की तिसरी गोष्ट कानावर येते. ‘तुमचा भाग्यांक चार आहे खरा, पण तो तेरावरून आलाय. तुमच्यावर कर्मऋण आहे.’ हे ऐकून माणूस दचकतो. पुढचा प्रश्न बहुधा ‘मग उपाय काय?’ हाच असतो. त्याआधी विचारायचा प्रश्न मात्र राहून जातो: हा तेरा आला कुठून?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण कर्मऋणाचे अंक उत्तरात कधीच नसतात. अंकशास्त्राचं अंतिम उत्तर एक ते नऊ यांपैकी एक आकडा असतो (अकरा आणि बावीस या ‘मास्टर’ अंकांचा अपवाद सोडला तर). तेरा, चौदा, सोळा आणि एकोणीस हे चार आकडे त्या उत्तराकडे जाताना वाटेत लागतात आणि पुढच्याच बेरजेत विरून जातात. म्हणून ते समजून घ्यायचे तर उत्तराकडे पाहून भागत नाही, कच्ची आकडेमोड पाहावी लागते. ती पाहिली की लक्षात येतं, तारीख तीच राहते, उत्तर तेच राहतं, पण बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर ऋण दिसतं किंवा दिसत नाही.

चार अंक, चार हिशेब

आधी या पद्धतीचं स्वतःचं म्हणणं नीट ऐकू या. या मतानुसार माणूस मागच्या जन्मातलं काही अपुरं काम किंवा एखाद्या गुणाचा गैरवापर सोबत घेऊन येतो. या जन्मात तो हिशेब पुरा करावा लागतो, आणि कोणता हिशेब बाकी आहे ते या चार अंकांवरून कळतं.

तेराचा हिशेब श्रमांचा. आपलं काम दुसऱ्यावर ढकललं, कष्ट टाळले, म्हणून आता चारपट राबावं लागतं आणि नेमकं शेवटच्या टप्प्यावर काम अडतं. चौदाचा हिशेब स्वातंत्र्याचा. मोकळीक मिळाली ती चैनीत, व्यसनात किंवा दुसऱ्याला त्रास देण्यात उधळली, म्हणून आता परिस्थिती सतत बदलत राहते आणि संयम शिकावा लागतो. सोळाचा हिशेब अहंकाराचा आणि प्रेमातल्या बेजबाबदारपणाचा. उभं केलेलं कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून माणूस नम्र होतो. एकोणीसचा हिशेब सत्तेचा. अधिकार स्वतःपुरता वापरला, म्हणून आता एकट्याने झुंजावं लागतं आणि मदत मागायला शिकावं लागतं.

लिहिताना हे अंक १३/४, १४/५, १६/७ आणि १९/१ असे जोडीने लिहितात. हा अपूर्णांक नाही. डावीकडे वाटेत आलेला आकडा, उजवीकडे अंतिम अंक. तेराचे अंक मिळवले की चार, चौदाचे पाच, सोळाचे सात. एकोणीसला दोन पायऱ्या लागतात: १ + ९ = १०, आणि १ + ० = १.

यातून पहिला नियम निघतो आणि चूकही सर्वांत जास्त इथेच होते. भाग्यांक चार असलेला प्रत्येक माणूस तेराचा ऋणी नसतो. चार हा अंक १३ वरून येतो, तसाच २२ वरून, ३१ वरून आणि ४० वरूनही येतो. एक हा अंक १९ वरून येतो, तसाच १०, २८, ३७ आणि ४६ वरूनही. पद्धतीच्या नियमाप्रमाणे फक्त तेरावरून आलेला चार आणि एकोणीसवरून आलेला एक ऋणाचा धरायचा. ‘तुमचा सात आहे, म्हणजे सोळाचं ऋण’ असं कुणी थेट सांगत असेल, तर त्याने बेरीज न पाहताच निकाल दिला आहे.

हे चारच का?

दहा ते एकोणीसमधले बारा, पंधरा, सतरा, अठरा ऋणाचे का नाहीत? याचं उत्तर गणितात सापडत नाही. या चार आकड्यांमध्ये असा कोणताही समान गणिती गुण नाही, जो बाकीच्यांत नाही. ही निवड परंपरेची आहे. काही लेखक असं स्पष्टीकरण देतात की चारही अंकांत दशमस्थानी एक आहे, एक म्हणजे ‘मी’, आणि तो ‘मी’ पुढच्या अंकाच्या गुणाला बिघडवतो. पण बारा आणि पंधरा यांच्याही पुढे तोच एक उभा आहे.

दोन आकडी संख्यांना वेगळा अर्थ देण्याची रीत टॅरोच्या पत्त्यांशी जोडलेली आहे. त्या पत्त्यांत तेरावा पत्ता मृत्यूचा, चौदावा संयमाचा, सोळावा वीज पडून कोसळणाऱ्या मनोऱ्याचा आणि एकोणिसावा सूर्याचा. सोळाच्या ऋणात ‘उभं केलेलं कोसळतं’ ही कल्पना त्या मनोऱ्याशी किती जुळते ते सहज दिसतं. आपल्याकडे अंकशास्त्र घरोघरी पोचवणाऱ्या किरोनेही आपल्या अंकांवरच्या पुस्तकात अशा संयुक्त अंकांचे अर्थ दिले आहेत. तिथेही सोळा म्हणजे कोसळता गड आहे. पण किरोच्या यादीत एकोणीस हा अत्यंत शुभ अंक आहे, सूर्याचा, यशाचा आणि मानाचा. तेराही त्याला अशुभ वाटत नाही. बदल घडवणारा, समजून वापरला तर अधिकार देणारा, असं तो त्याचं वर्णन करतो. म्हणजे एका पद्धतीत ज्या एकोणीससाठी माणसाने प्रायश्चित्त घ्यायचं, त्याच एकोणीससाठी दुसऱ्या पद्धतीत त्याचं अभिनंदन करायचं. महाराष्ट्रात अनेक जण किरोची अक्षरं आणि कर्मऋणाची यादी एकत्र वापरतात. तेव्हा हा विरोध कुणी बोलून दाखवत नाही.

कर्माची कल्पना आपली, पण तिचं हे अंकांत मांडलेलं रूप पाश्चात्त्य आहे. एकोणिसाव्या शतकात थिऑसॉफिकल सोसायटीने कर्म आणि पुनर्जन्म हे विचार इंग्रजी वाचकांपर्यंत मोठ्या प्रमाणात नेले. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि अड्यारला जाण्यापूर्वी काही वर्षं सोसायटीचं मुख्यालय मुंबईतच होतं. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत अंकशास्त्राची जी नवी मांडणी झाली, तिच्यात कर्माचा शब्द रुळला. आपल्या शास्त्रांतलं देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण याहून अगदी वेगळं आहे. ती ऋणं प्रत्येक माणसावर असतात आणि यज्ञ, अध्ययन, संतती यांनी फिटतात. त्यांचा जन्मतारखेच्या बेरजेशी काही संबंध नाही.

एक तारीख, तीन बेरजा

आता प्रत्यक्ष आकडेमोड करू. सगळ्यांना माहीत असलेली तारीख घेऊ: लता मंगेशकरांची, २८ सप्टेंबर १९२९. भाग्यांक काढण्याच्या तीन रीती आज प्रचारात आहेत.

पहिली रीत सर्वांत सोपी. तारखेतले सगळे अंक एका ओळीत मांडायचे आणि मिळवायचे.

२ + ८ + ९ + १ + ९ + २ + ९ = ४०, आणि ४ + ० = ४.

भाग्यांक चार, आणि तो चाळीसवरून आला. चाळीस ऋणाचा नाही. म्हणजे ऋण नाही.

दुसरी रीत आजच्या पाश्चात्त्य पुस्तकांत जास्त आढळते. दिवस, महिना आणि वर्ष हे तीन भाग आधी वेगवेगळे एकांकी करायचे आणि मग मिळवायचे.

दिवस: २ + ८ = १०, म्हणजे १.
महिना: ९.
वर्ष: १ + ९ + २ + ९ = २१, म्हणजे ३.
१ + ९ + ३ = १३, आणि १ + ३ = ४.

भाग्यांक तोच, चार. पण आता तो तेरावरून आला. म्हणजे श्रमांचं ऋण.

तिसऱ्या रीतीत दिवस, महिना आणि वर्ष या पूर्ण संख्याच मिळवायच्या आणि आलेल्या उत्तराचे अंक जोडायचे.

२८ + ९ + १९२९ = १९६६, आणि १ + ९ + ६ + ६ = २२, म्हणजे ४.

पुन्हा चार. पण हा बावीसवरून आला, आणि बावीस हा या शास्त्रात मास्टर अंक आहे. मोठं, टिकाऊ काम उभारणाऱ्याचा अंक. अनेक जण तो पुढे एकांकीही करत नाहीत, बावीसच ठेवतात.

एकाच तारखेचे तीन निकाल: एकीकडे साधा चार, दुसरीकडे कर्मऋण, तिसरीकडे मास्टर अंक. बेरीज तिन्ही ठिकाणी अचूक आहे, कुठेही हातचा चुकलेला नाही.

आता कुणी म्हणेल, तेराच खरा, कारण आयुष्य पाहा. १९४२ मध्ये वडील गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या. घराचा भार त्या वयात अंगावर आला आणि पुढे अपार कष्ट झाले. हे सगळं खरं आहे. पण बावीस धरला तरी आयुष्य तितकंच चपखल बसतं: अनेक दशकं टिकलेलं, पिढ्यांना पुरून उरलेलं काम. साधा चार धरला तरी शिस्त आणि चिकाटी हे त्याचे गुण जुळतात. आयुष्य माहीत असताना अंक तपासला की तिन्ही अंक पटतात. त्यामुळे ‘जुळतं’ हा कोणती रीत बरोबर ते ठरवणारा पुरावा होऊ शकत नाही.

याच तारखेत एक बारीक सापळाही आहे. पहिल्या रीतीने अंक ओळीने मिळवताना २ + ८ + ९ झाले की आपण एकोणीसवर येतो. काही हौशी लोक तिथेच थांबून ‘एकोणीसचं ऋण’ सांगतात. हे या पद्धतीच्याही नियमात बसत नाही. बेरीज चालू असताना मध्ये कोणता आकडा येतो हे आपण कोणत्या टोकापासून मिळवायला घेतलं यावर ठरतं. उजवीकडून सुरुवात केली तर ९, ११, २०, २१ असे टप्पे येतात, नंतर ३०, ३८ आणि ४०, आणि एकोणीस कुठेच येत नाही. धरायची ती पूर्ण झालेली बेरीज. तसंच दुसऱ्या रीतीत वर्षाचे अंक मिळवताना सोळा किंवा एकोणीस आला, तरी नियमाप्रमाणे तो मोजायचा नाही, कारण वर्ष हा स्वतंत्र अंक नाही, भाग्यांकाचा एक भाग आहे. जन्मदिवस मात्र स्वतंत्र अंक आहे. म्हणून कोणत्याही महिन्याच्या १३, १४, १६ किंवा १९ तारखेला जन्मलेल्याला त्या दिवसाचंच ऋण सांगितलं जातं. वर्षात असे अठ्ठेचाळीस दिवस येतात.

उत्तर एक, वाट वेगळी

तिन्ही रीतींत शेवटी चारच का येतो? याचं कारण शाळेत शिकलेली नऊची कसोटी. दहाला नऊने भागलं की बाकी एक, शंभरला भागलं तरी बाकी एक, हजारालाही एक. म्हणून कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नऊने भागलं की बाकी सारखीच राहते. १९२९ ला नऊने भागलं की बाकी तीन, आणि १ + ९ + २ + ९ म्हणजे २१ ला भागलं तरी तीन. मध्ये कितीही वेळा अंक जोडले, कुठेही थांबून एकांकी केलं, तरी बाकी बदलत नाही. भाग्यांक म्हणजे ती बाकीच (बाकी शून्य असेल तिथे नऊ).

वाटेतल्या आकड्याला मात्र असं संरक्षण नाही. तेरा, बावीस, एकतीस, चाळीस या सगळ्यांची नऊने भागल्यावर बाकी चारच आहे. यांपैकी आपण कोणत्या आकड्यावर पोचलो हे तारीख ठरवत नाही, भाग कुठे पाडले ते ठरवतं. कर्मऋण हा सगळा अर्थ नेमका या न टिकणाऱ्या आकड्यावर उभा आहे. म्हणून भाग्यांकावर विश्वास ठेवणाऱ्या माणसालाही कर्मऋणाबद्दल थांबून विचार करावा लागतो.

रीतीचा परिणाम किती मोठा आहे ते पाहायचं असेल तर शतकाकडे पाहा. पहिल्या रीतीत, म्हणजे सगळे अंक सरळ मिळवताना, १९५० ते १९९९ मध्ये जन्मलेल्या कुणाच्याही भाग्यांकात तेरा, चौदा किंवा सोळा येऊच शकत नाही. या वर्षांची स्वतःचीच बेरीज किमान पंधरा आहे (१९५० ची). तिच्यात दिवस आणि महिना यांचे किमान दोन मिळवले की सतरा होतात. सोळा तिथेच मागे पडला. दुसऱ्या पायरीवर तेरा यायला एकूण बेरीज एकोणपन्नास हवी, पण त्या शतकात ती अठ्ठेचाळीसच्या वर जात नाही (२९ सप्टेंबर १९९९). उरतो तो एकोणीस, तोही क्वचित. उलट २००० नंतरच्या वर्षांची बेरीज छोटी असते. ७ मार्च २००१ घ्या: ७ + ३ + २ + ० + ० + १ = १३. एकूण बेरीज नेमकी या चार आकड्यांच्या आसपास घोटाळते, म्हणून आजच्या मुलांच्या पत्रिकेत पहिल्या रीतीने ही ऋणं सर्रास दिसतात. कॅलेंडरवर एकोणीसच्या जागी वीस आलं, एवढंच कारण.

दुसऱ्या रीतीत असा शतकाचा भेद राहत नाही. पण तिथे ऋण इतकं सरसकट आहे की ते विशेष उरत नाही. तीन एकांकी संख्यांची बेरीज तीन ते सत्तावीसमध्ये असते आणि चारही ऋण-अंक त्या पल्ल्याच्या मधल्या, दाट भागात पडतात. मास्टर अंकांचा अपवाद बाजूला ठेवून मोजलं तर दहांपैकी साधारण तिघांच्या भाग्यांकात यांपैकी एखादा अंक निघतो. जन्मदिवस आणि नावाचे अंक धरले तर हे प्रमाण आणखी वाढतं.

मास्टर अंकांमुळे आणखी एक फाटा फुटतो. ९ नोव्हेंबर २००० ही तारीख घ्या. नोव्हेंबरचे अकरा एकांकी करून दोन धरले तर ९ + २ + २ = १३. अकरा तसाच ठेवला तर ९ + ११ + २ = २२. एकाच रीतीतल्या एका बारीक नियमावर ऋण आणि मास्टर अंक यांची अदलाबदल होते.

नावात आणखी वाटा

नावाच्या अंकांत हा प्रकार जास्तच वाढतो. पाश्चात्त्य पद्धतीत इंग्रजी अक्षरांना ओळीने एक ते नऊ अंक देतात: ए ते आय एक ते नऊ, जे ते आर पुन्हा एक ते नऊ, एस ते झेड एक ते आठ. त्याप्रमाणे ‘लता’ची अक्षरं एल ३, ए १, टी २, ए १, बेरीज ७. ‘मंगेशकर’ची बेरीज ४३, म्हणजे पुन्हा ७. सगळी अक्षरं एकत्र मिळवली तर ७ + ४३ = ५०, म्हणजे ५/० नव्हे, सरळ पाच, ऋण नाही. नाव आणि आडनाव वेगळं एकांकी करून मिळवलं तर ७ + ७ = १४, म्हणजे पाच, आणि चौदाचं ऋण.

आता मराठी माणसाचं पूर्ण नाव वडिलांच्या नावाशिवाय होत नाही. मधे ‘दीनानाथ’ घातलं आणि ते इंग्रजीत डीनंतर एक आय घालून लिहिलं, तर त्याची बेरीज ३५. एकूण ७ + ३५ + ४३ = ८५, आणि ८ + ५ = १३. हा तेरा दुसऱ्या पायरीवर आला. काही जण तो धरतात, काही धरत नाहीत. भाग वेगळे केले तर ७ + ८ + ७ = २२, मास्टर अंक. हेच ‘दीनानाथ’ आयऐवजी दोन ई घालून लिहिलं तर त्याची बेरीज ३६ होते, एकूण ८६, म्हणजे ८ + ६ = १४. मुळात दीनानाथमधल्या दीर्घ ‘दी’साठी इंग्रजीत ठरलेलं एकच लेखन नाही. तरी आयच्या जागी दोन ई आले की श्रमांचं ऋण जाऊन स्वातंत्र्याचं ऋण येतं.

नियम असं सांगतो की जन्माच्या वेळी ठेवलेलं नावच धरायचं. लताबाईंचं जन्मनाव हेमा. ‘हेमा मंगेशकर’ भागांनी मिळवलं तर ९ + ७ = १६, आणखी तिसरं ऋण. आपल्याकडे लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बायकांच्या पिढ्या आहेत. त्यांचं ‘जन्मनाव’ कोणतं धरायचं, ते पूर्वी रोमन लिपीत कधी लिहिलं गेलं होतं का, हे प्रश्न पाश्चात्त्य पुस्तकांत येत नाहीत, कारण त्या पुस्तकांसमोर ती परिस्थिती नव्हती.

किरोची अक्षरं वापरली तर अंक आणखी बदलतात, कारण त्याच्या तक्त्यात नऊ कोणत्याच अक्षराला दिलेला नाही आणि टी, जी, एस यांसारख्या अक्षरांचे अंक वेगळे आहेत. त्याच्या तक्त्याने ‘लता’ नऊ आणि ‘मंगेशकर’ एकतीस, म्हणजे चार. भागांनी ९ + ४ = १३, एकूण मात्र चाळीस.

एक जूनची मुलं

या सगळ्याची सर्वांत बोलकी परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळांच्या दाखल्यांत आहे. गेल्या शतकात कितीतरी खेड्यांत मुलाची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वय धरत आणि तारखेच्या रकान्यात १ जून लिहीत, म्हणजे शाळा सुरू होण्याच्या सुमारास वय पूर्ण होई. आजही कुठल्याही कार्यालयात निवृत्तीच्या याद्या पाहिल्या तर एक जूनचे वाढदिवस गठ्ठ्याने सापडतात.

दुसऱ्या रीतीने या तारखा मिळवून पाहा. दिवस एक आणि महिना सहा, मिळून सात. १९५० ची बेरीज पंधरा, म्हणजे सहा. ७ + ६ = १३. गुरुजींनी १९५० लिहिलं त्या प्रत्येक मुलावर श्रमांचं ऋण. १९५१ लिहिलं तर वर्ष सात, ७ + ७ = १४, स्वातंत्र्याचं ऋण. १९५२ लिहिलं तर ७ + ८ = १५, सगळी मुलं ऋणमुक्त. १९५३ लिहिलं तर ७ + ९ = १६, अहंकाराचं ऋण. पहिल्या रीतीने मोजलं तर यांपैकी एकावरही ऋण नाही: १९५० च्या मुलांना २२, १९५१ च्यांना २३, १९५३ च्यांना २५.

ही माणसं प्रत्यक्षात वर्षभरातल्या वेगवेगळ्या तिथींना जन्मलेली आहेत. त्यांचा हिशेब जर खरोखर मागच्या जन्मातून आलेला असेल, तर तो शाळेच्या रजिस्टरच्या नोंदीतून येऊ शकत नाही. ज्याला आपली खरी तिथी माहीत आहे त्याचीही अडचण उरतेच. १९२९ चं ते भाद्रपद-आश्विन शके १८५१ मध्ये येतं. १९२९ ची बेरीज एकवीस, १८५१ ची पंधरा. कोणत्या कालगणनेत माणूस जन्मला असं धरायचं, हे अंक सांगत नाहीत, आपण ठरवतो.

यावरून या चार अंकांकडे कसं पाहावं याचं माझं मत स्पष्ट आहे. तेराच्या निमित्ताने कुणी अर्धवट राहिलेली कामं पुरी करायला लागला, एकोणीसच्या निमित्ताने कुणी मदत मागायला शिकला, तर ते त्याच्या भल्याचंच आहे. त्यासाठी अंक खरा असण्याची गरज नाही. पण कुणी या अंकाच्या जोरावर मुलीचं स्थळ नाकारत असेल, नावात जादा अक्षर घालायला पैसे मागत असेल किंवा आजारपणाचं कारण मागच्या जन्मात शोधत असेल, तर त्याला आकडेमोड कागदावर मांडायला सांगावं. भाग कुठे पाडले, अकरा का ठेवला, स्पेलिंग कोणाचं धरलं, वडिलांचं नाव घेतलं का. मग तीच तारीख उरलेल्या दोन रीतींनी स्वतः मिळवून पाहावी. भाग्यांक तिन्ही वेळा तोच येईल. ऋण तिन्ही वेळा आलं नाही, तर ते त्या माणसाचं नसून बेरीज करण्याच्या एका रीतीचं आहे. त्याच्यासाठी नाव बदलायचं, स्थळ मोडायचं किंवा खिशाला चाट लावून घ्यायची काहीच गरज नाही.